नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांचे ऑगस्ट 2013 मध्ये निधन झाले. त्यांनी 2011 सालीच मृत्युपत्र केले होते. शिवाय म्युच्युअल फंडांत आणि शेअर्समध्ये त्यांची गुंतवणूक होती आणि त्यावर नॉमिनीही नेमलेले होते. म्हणजे सर्वसाधारण कुटुंबात जे दोन कागद सापडत नाहीत, ते दोन्ही इथे होते. तरीही प्रश्न उभा राहिला : नॉमिनी म्हणून ज्यांची नावे आहेत ते त्या गुंतवणुकीचे मालक झाले, की मृत्युपत्रात आणि वारसा कायद्यात जे म्हटले आहे तेच चालणार? मुंबई उच्च न्यायालयातून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 14 डिसेंबर 2023 रोजी निकाल लागला. नॉमिनीच्या ताब्यात शेअर्स किंवा युनिट्स येतात, पण त्यामुळे तो मालक होत नाही. मालकी वारसा कायद्याप्रमाणे किंवा मृत्युपत्राप्रमाणेच ठरते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. या उत्तरासाठी दहा वर्षे लागली.

विमा पॉलिसीबाबत हेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्येच सांगितले होते. पुढे 2015 मध्ये विमा कायद्यात बदल झाला. आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर त्याला लाभाचा हक्क देणारी तरतूद आली. पण ती वारसा कायद्यावर मात करते का, याबद्दल न्यायालयांचे एकमत अजून झालेले नाही. बँक, फंड, डीमॅट यांच्याबाबत मात्र संभ्रमाला जागा उरलेली नाही. बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे, एवढेच नॉमिनेशन सांगते. ते कोणाचे आहेत, हे मृत्युपत्र सांगते. मृत्युपत्र नसेल तर कायदा सांगतो, आणि कायदा काय सांगतो हे बहुतेक घरांत माहीत नसते.

एक उदाहरण घेऊ. समजा, विलासराव नाशिकला एका खासगी कंपनीत नोकरीला होते. बावन्नाव्या वर्षी अचानक गेले. घरात पत्नी मेधाताई, कॉलेजात जाणारी मुलगी आणि नववीतला मुलगा. आई गावाकडे धाकट्या भावाजवळ राहते, बहीण धुळ्याला दिलेली. विलासरावांच्या नावावर बँकेत आठ लाखांची मुदत ठेव आहे. खाते लग्नाआधीचे, म्हणून नॉमिनी आई. म्युच्युअल फंडांत चौदा लाख आहेत; फॉर्म भरताना शेजारी भाऊ बसला होता, म्हणून नॉमिनी भाऊ. डीमॅटमध्ये सहा लाखांचे शेअर्स आहेत आणि तिथे नॉमिनीचा रकाना रिकामा. मृत्युपत्र नाही; 'एवढ्यात काय घाई' असे वाटण्याचेच ते वय.

हिंदू वारसा कायद्याने पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुले आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत, आणि सगळ्यांचा हिस्सा सारखा. वडील या वर्गात नाहीत, भाऊ नाही, बहीण नाही. म्हणजे अठ्ठावीस लाखांचे चार भाग : मेधाताईंना सात, मुलीला सात, मुलाला सात आणि आईंना सात लाख. 'नवऱ्याचे ते सगळे बायकोचे' ही समजूत इथेच मोडते. पुढची पायरी तर फार थोड्यांच्या लक्षात येते. उद्या आई मृत्युपत्र न करता गेल्या, तर त्यांचे सात लाख त्यांच्या मुलांमध्ये वाटले जातील : धाकट्या भावाला एक हिस्सा, धुळ्याच्या बहिणीला एक आणि विलासरावांच्या दोन मुलांना मिळून एक. मेधाताईंना त्यातले काहीच नाही. यात कोणाचा लबाडपणा नाही. विलासरावांनी काही लिहिले नाही, म्हणून कायद्याने त्यांच्या जागी निर्णय घेतला.

आता पैसे प्रत्यक्षात कसे हलतात ते पाहू. बँक आठ लाख आईंना देईल. त्यातले सहा लाख सून आणि नातवंडांचे आहेत, ते द्यायचे की नाही हे बँक विचारणार नाही. तिचे काम संपले. फंड चौदा लाखांची युनिट्स भावाच्या नावावर करेल. भाऊ या मालमत्तेचा वारस नाहीच, तो केवळ विश्वस्त. त्याने समंजसपणे ती सोपवली तर ठीक. नाही सोपवली तर मेधाताईंना दावा लावावा लागेल. आणि शेअर्स? तिथे नॉमिनी नाही, म्हणून सर्व वारसांनी मिळून प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि इतरांची ना-हरकत द्यायची. डीमॅटमधली रक्कम पंधरा लाखांच्या आत असल्याने न्यायालयात जाण्याची गरज सहसा पडत नाही, पण आईंची सही मात्र लागतेच. खाते अडकते ते बहुधा अशा एका न झालेल्या सहीपायी. ती मिळेनाशी झाली की मग दिवाणी न्यायालयातून सक्सेशन सर्टिफिकेट : अर्ज, नोटिसा, हरकतींची मुदत, कोर्ट फी, वकील.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांनी अशीच सवलत दिली आहे. नॉमिनी नसेल आणि रक्कम पंधरा लाखांपर्यंत असेल तर सोपी कार्यपद्धती, वाद नसल्यास सक्सेशन सर्टिफिकेट मागायचे नाही. सहकारी बँकांसाठी मात्र ही मर्यादा पाच लाख आहे. आपल्याकडे कितीतरी घरांच्या ठेवी सहकारी बँकेत असतात, तेव्हा हा फरक लक्षात ठेवावा. पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या या निर्देशांच्या कक्षेतच येत नाहीत. तिथे नॉमिनेशन आहे का, हे पासबुक घेऊन स्वतः विचारून यावे.

पीएफचा नियम आणखी वेगळा. लग्नाआधी केलेले नॉमिनेशन लग्नानंतर रद्द ठरते, नवे करावे लागते. पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी भरलेला तो फॉर्म पुढे कोणी पाहत नाही. आज ते यूएएन पोर्टलवर बसल्या जागी करता येते.

आपल्या समाजातली एक खास अडचण नावांची आहे. लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, तर पहिले नावही बदलण्याची पद्धत अनेक घरांत होती. पतीने पंचवीस वर्षांपूर्वी नॉमिनी म्हणून सासरचे नाव लिहिले, पण आधार आणि पॅन माहेरच्या नावाने निघाले. किंवा याच्या नेमके उलट झाले. काउंटरवर बसलेल्या कर्मचाऱ्याला या दोन स्त्रिया दिसतात. मग विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्रातली नावबदलाची नोंद, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, असा फेरा सुरू होतो. दुःखाच्या त्या दिवसांत एखाद्या बाईला आपण आपणच आहोत हे पटवून द्यावे लागणे, याहून क्लेशकारक काय असेल. पती हयात असताना नॉमिनीचे नाव आधारवर आहे तसे करून घेणे, हे अर्ध्या तासाचे काम आहे.

विलासरावांनी काय करायला हवे होते? पहिली गोष्ट, मृत्युपत्र. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. मात्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेले असले की पुढे खरेखोटेपणाचा वाद कमी होतो. लिहिणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार, एवढे अनिवार्य. साक्षीदारांनी मजकूर वाचण्याची गरज नाही, सही होताना मात्र पाहिलेली असावी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये आणि साक्षीदार वयाने लहान निवडावेत, म्हणजे गरज पडेल तेव्हा ते सापडतील.

मजकुरात एक चूक वारंवार होते. लोक ठेवीच्या पावत्यांचे क्रमांक लिहितात. ठेव मुदत संपल्यावर नव्याने ठेवली की क्रमांक बदलतो आणि ती ठेव मृत्युपत्राच्या बाहेर पडली की काय, असा प्रश्न येतो. त्याऐवजी 'माझ्या मृत्यूच्या वेळी माझ्या नावावर ज्या ठेवी, युनिट्स व शेअर्स असतील ते सर्व' असे लिहावे, आणि शेवटी 'वर उल्लेख न केलेली माझी इतर सर्व मालमत्ता' कोणाला, हेही. पत्नी आधी गेली तर काय, याचे एक वाक्य हवे. आईसाठी काही रक्कम ठेवायची असेल तर ती आकड्यानिशी लिहावी. सगळे पत्नीच्या नावे करून 'ती बघेल आईचे' म्हटल्याने दोघींवरही अन्याय होतो. आणि हे सगळे अमलात आणणारा एक निष्पादक नावानिशी नेमावा.

दुसरी गोष्ट, हे मृत्युपत्र समोर ठेवून प्रत्येक नॉमिनेशन त्याच्याशी जुळवून घ्यावे. फंड पत्नीला द्यायचे असतील तर नॉमिनीही पत्नीच असावी. दोन्ही कागद एकच नाव सांगत असतील तर न्यायालयाचा प्रश्नच उरत नाही. वाटणी करायची असेल तर तीही सोय आता आहे : 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवीवर चार नॉमिनी टक्केवारीसह नेमता येतात, म्युच्युअल फंड आणि डीमॅटमध्ये तर दहापर्यंत.

तिसरी गोष्ट घरखर्चाची. पगार, विजेचे बिल, कर्जाचा हप्ता, एसआयपी हे सगळे एकट्याच्या खात्यावर असेल, तर बँकेला निधनाची बातमी कळताच ते गोठते आणि पुढचा हप्ता परत जातो. म्हणून किमान एक खाते दोघांच्या नावे 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' अशा सूचनेचे हवे. केवळ 'संयुक्त सह्या' असे लिहिलेले असेल तर एकाच्या पश्चात दुसऱ्यालाही त्यातून पैसे काढता येत नाहीत. गेलेल्या माणसाचे एटीएम कार्ड किंवा फोनमधले ॲप वापरून पैसे काढणे तर मुळीच करू नये. नियमाने ते चालत नाही आणि पुढे वारसांत वाद झाला तर तीच नोंद विरोधात उभी राहते.

दावा करायची वेळ आलीच, तर मृत्यूची नोंद 21 दिवसांत करून दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्याव्यात, कारण प्रत्येक दारात एक लागते. नॉमिनी असलेल्या खात्यासाठी बँकेने अर्ज, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचे ओळखपत्र एवढ्यावर, सर्व कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे आहेत. उशीर झाला तर ठेवीवर भरपाईची तरतूद आहे. ती मागता यावी म्हणून अर्ज देताना तारखेसह शिक्का मारलेली पोच घ्यावी.