कॅन वितळवतानाही भट्टी पेटतेच, मग वाचतं काय?

गैरसमज: धातू नवा असो की जुना, वितळवावाच लागतो. मग ऊर्जा सारखीच लागणार.

वस्तुस्थिती: हा तर्क बरोबर वाटतो, म्हणूनच तो फसवतो. ॲल्युमिनियम बनवताना खरा खर्च वितळवण्यावर होतच नाही. बॉक्साइटपासून मिळणाऱ्या पांढऱ्या पुडीत, म्हणजे ॲल्युमिनात, हा धातू ऑक्सिजनला इतका घट्ट चिकटलेला असतो की कोळशाच्या साध्या भट्टीत तो सुटत नाही. ती पूड साधारण 960 अंशांच्या वितळलेल्या क्षारात विरघळवून तिच्यातून अखंड वीज सोडावी लागते. एक किलो धातू सुटायला सुमारे 14 युनिट वीज जाते.

आता शीतपेयाचा रिकामा कॅन हातात घ्या. वजन जेमतेम 13 ग्रॅम. असे 75 कॅन म्हणजे जवळजवळ एक किलो. त्यांतला ऑक्सिजन आधीच सुटलेला आहे, त्यामुळे त्यांना फक्त 660 अंशांवर नेऊन पातळ करायचं असतं. धातूला स्वतःला त्यासाठी युनिटच्या एक तृतीयांशाएवढीच उष्णता पुरते. भट्टीतून वाया जाणारी उष्णता धरली की आकडा वाढतो, तरी तो 14च्या आसपासही फिरकत नाही. खाणीपासूनचा सगळा हिशेब मांडला, तर बचत सुमारे 95 टक्के भरते.

गैरसमज: भंगार कोणतंही असो, बचत तेवढीच.

वस्तुस्थिती: नाही. पोलादात ती साधारण 60 ते 70 टक्के आहे, कारण लोखंड खनिजातून सोडवणं तुलनेनं सोपं जातं.

गैरसमज: ॲल्युमिनियम कितीही वेळा वितळवा, जसंच्या तसं परत मिळतं.

वस्तुस्थिती: हे अर्धंच खरं आहे. कॅनचा पत्रा केसाएवढा पातळ. सुटा कॅन भट्टीत टाकला, तर वितळण्याआधीच त्याचा पृष्ठभाग हवेत जळू लागतो आणि वर राखाडी मळ जमतो. तो मळ म्हणजे पुन्हा ऑक्सिजनला चिकटलेला धातू. त्यावर खर्चलेली वीज गेली ती गेलीच. म्हणून कॅनवरचा रंग आधी भाजून काढतात आणि पत्रा वितळलेल्या धातूच्या आत झटकन बुडवतात.

दुसरी अडचण मिश्रणाची. कॅनच्या अंगात थोडं मँगनीज असतं, झाकणात मॅग्नेशियम जास्त. कॅन नुसते कॅनसोबत वितळवले, तर प्रमाण जुळवून त्यांचा पुन्हा कॅन होतो. पण त्यांच्यात इंजिनाचे ओतीव तुकडे किंवा खिळे-स्क्रू मिसळले, तर सिलिकॉन आणि लोखंड धातूत उतरतं, आणि एकदा उतरलं की ते काढणं फार अवघड. असा धातू पुन्हा ओतीव भागांकडेच जातो. घरी कॅनची पिशवी वेगळी ठेवली, त्यात वाळू वा पाणी राहू दिलं नाही आणि जुनं ‘जर्मन’चं पातेलं त्यात टाकलं नाही, तर भंगारवाल्याकडे पोहोचतो तो कॅनचाच माल.