हिशेबातला तेरावा महिना

१ एप्रिलला कारखाना थांबत नाही. सकाळी पहिला ट्रक निघतो आणि त्याच्याबरोबर नव्या वर्षाचं पहिलं बिलही. मागच्या वर्षाचा हिशेब मात्र अजून उघडाच असतो. मार्चच्या खर्चाची बिलं येत असतात आणि लेखापरीक्षकांच्या दुरुस्त्या पुढे काही महिने चालू राहतात.

सॅपसारख्या ईआरपी प्रणालीत यासाठी बारा महिन्यांनंतर चार जादा कालखंड ठेवता येतात, तेरावा ते सोळावा. इथला तेरावा महिना दुष्काळातला नव्हे, सोयीचा. त्यातल्या नोंदीवर तारीख ३१ मार्चचीच पडते, पण ती मार्चच्या आकड्यांत न मिसळता वेगळी दिसते. कुठला कालखंड कोणासाठी उघडा, हे OB52 या पडद्यावर ठरतं. एप्रिल सर्वांना खुला आणि तेरावा फक्त दोन-तीन जणांना, अशी व्यवस्था शहाणपणाची.

शिल्लक पुढे नेण्याचं काम FAGLGVTR करतं. बँक, येणी, देणी अशा ताळेबंदातल्या खात्यांची अखेरची शिल्लक नव्या वर्षाची आरंभीची शिल्लक होते. विक्री, पगार, वीज ही खाती शून्यापासून सुरू होतात आणि त्यांतला नफा किंवा तोटा संचित नफ्याच्या खात्यात जातो. वीजखर्चाच्या खात्याला आरंभीची शिल्लक दिसली, तर ते खातं उघडतानाच चुकून ताळेबंदात घातलेलं असतं.

आता समजा, मार्चचं ४,२०,००० रुपयांचं वीजबिल कारखान्यात एप्रिलमध्ये आलं आणि एप्रिलच्याच खर्चात पडलं. जूनमध्ये लेखापरीक्षकांनी ते पकडलं. मग तेराव्या कालखंडात वीजखर्च नावे आणि खर्चाची तरतूद जमा, अशी नोंद होते. शिल्लक आधीच पुढे नेलेली असली तरी बिघडत नाही. नव्या वर्षात तरतुदीची आरंभीची शिल्लक आपोआप ४,२०,००० ने वाढते आणि संचित नफा तेवढाच घटतो.

बरेच जण इथेच थांबतात आणि फसतात. एप्रिलमधला खर्च जागेवरच असल्यामुळे एकच बिल दोन वर्षांच्या नफ्यातून वजा झालेलं असतं. म्हणून नव्या वर्षात तरतूद नावे आणि वीजखर्च जमा, अशी दुसरी नोंद हवी. ती राहून गेली, तर कोणीही न मागितलेलं देणं तरतुदीच्या खात्यात महिनोन्‌महिने पडून राहतं. जुन्या तरतुदी चाळताना ते सापडतं.

गोदामाला मात्र या जादा कालखंडांचा उपयोग नाही. मालाची आवक-जावक चालू किंवा लगतच्या मागच्या महिन्यातच नोंदवता येते. जूनमध्ये मार्चच्या साठ्यात तूट निघाली, तर तेराव्या कालखंडात फक्त रकमेची नोंद होते, तीही सहसा साठ्याच्या वेगळ्या समायोजन खात्यात. प्रत्यक्ष नग नंतर चालू महिन्यात कमी करावे लागतात आणि रकमेची नोंद त्याच वेळी उलटवावी लागते.