धुराड्यातल्या ऑक्सिजनचा हिशेब

नाशिकला जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो आणि एप्रिलच्या दुपारी ४० वर जातो. फर्नेस ऑइलवर चालणाऱ्या बॉयलरच्या पंख्याला याचा पत्ता नसतो. तो ठरलेल्या घनफळाची हवा ढकलत राहतो. पण थंड हवा दाट असते, त्यामुळे तेवढ्याच घनफळात पहाटे वजनाने सुमारे १० टक्के जास्त हवा भट्टीत जाते.

एक किलो तेल जाळायला साधारण १४ किलो हवा लागते. तेवढीच दिली तर भागत नाही, कारण भट्टीतल्या क्षणभराच्या मुक्कामात तेलाच्या प्रत्येक थेंबाला ऑक्सिजन गाठता येत नाही. म्हणून १५-२० टक्के हवा जादा देतात. ही जादा हवा काहीच जाळत नाही, नुसती तापून धुराड्यातून निघून जाते.

हवा कमी पडली तर नुकसान याहून वाईट. एक किलो कार्बन पूर्ण जळला की सुमारे ८,०८० किलोकॅलरी उष्णता मिळते. अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड झाला, तर जेमतेम २,४३०. शिवाय नळ्यांवर काजळी चढते ती वेगळीच. जादा हवेचा तोटा हळूहळू वाढतो, अपुऱ्या हवेचा एकदम उसळतो. काळा धूर मालकालाही दिसतो, जादा हवा कुणालाच दिसत नाही. त्यामुळे बॉयलर अटेंडंट हवा सढळ सोडतो, त्यात नवल नाही.

समजा, एप्रिलच्या दुपारी बर्नर असा लावला की धुरात ३ टक्के ऑक्सिजन उरतो, म्हणजे जादा हवा सुमारे १७ टक्के. जानेवारीच्या पहाटे तोच बर्नर २९ टक्के जादा हवा घेईल आणि धुरातला ऑक्सिजन ४.७ टक्क्यांवर जाईल. धूर २३० अंशांचा असेल तर इंधनातली आणखी पाऊण-एक टक्का उष्णता वाया जाते. ताशी २०० लिटर तेल पिणाऱ्या बॉयलरला दिवसाकाठी हे जवळपास ४० लिटर पडतं. उलट, बर्नर थंड पहाटे २ टक्क्यांवर लावला, तर उन्हाळ्याच्या दुपारी जादा हवा जवळजवळ शून्यावर येते आणि धुराडं काळं ओकू लागतं.

ऑक्सिजन ट्रिम इथे कामाला येतो. धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर झिर्कोनियाचा, सुमारे ७०० अंशांवर तापवलेला सेन्सर ऑक्सिजन मोजतो. त्यावरून कंट्रोलर हवेची झडप थोडीशी उघडतो किंवा मिटतो. 'थोडीशी' हे महत्त्वाचं. दुरुस्तीला मर्यादा आखलेली असते आणि सेन्सर बिघडला तर झडप सुरक्षित, म्हणजे सढळ हवेच्या जागी जाते.

पण सेन्सरला फसवणंही सोपं आहे. धुराच्या वाटेवर आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असेल आणि एखादं गॅस्केट गळत असेल, तर बाहेरची हवा तिथून आत शिरते. सेन्सरला वाटतं, ऑक्सिजन भरपूर आहे. ट्रिम हवा कमी करतो आणि ज्वाला उपाशी राहते. बर्नरचा नोझल झिजला असेल तर ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही एकाच वेळी जास्त दिसतात. तो दोष मिसळण्याचा, हवा कमी-जास्त करून तो जात नाही.

म्हणून ट्रिमवर पैसे घालण्याआधी गळती बुजवा, नोझल तपासा आणि ऑक्सिजनच्या आकड्याशेजारी कार्बन मोनॉक्साइडचा आकडाही मागून घ्या.