तीन पायऱ्यांचा अर्ज

आमच्या शेजारच्या इमारतीत लिफ्ट आहे. पण लिफ्टपर्यंत पोचायला आधी तीन पायऱ्या चढाव्या लागतात. बांधताना जोतं उंच घेतलं आणि लिफ्ट जोत्यावर बसवली, असा हा प्रकार पुण्या-मुंबईतल्या अनेक जुन्या इमारतींत दिसतो. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या काकू वॉकर घेऊन लिफ्टने आरामात खाली येतात आणि दारात येऊन थांबतात. वॉकर पायरीवर धड टेकत नाही, आणि धरायला भिंतही हाताला लागत नाही.

त्यांनी सोसायटीच्या समितीला पहिला अर्ज दिला तो दोन ओळींचा होता: 'मला त्रास होतो, रॅम्प करून द्यावा.' समितीने सहानुभूती दाखवली आणि विषय तिथेच राहिला. नंतर पार्किंग जाईल, दर्शनी भाग बिघडेल, शिवाय रीडेव्हलपमेंट येणारच आहे, अशी कारणं पुढे आली. यातलं शेवटचं कारण फार चालतं. रीडेव्हलपमेंटला दहा वर्षं लागली, तर काकूंनी तोवर काय करायचं?

दुसऱ्या अर्जाच्या वेळी त्यांच्या भाच्याने टेप आणली. तीन पायऱ्या, प्रत्येकी 15 सेंटिमीटर, म्हणजे एकूण उंची 45 सेंटिमीटर. रॅम्पसाठी सर्वमान्य प्रमाण एकास बारा आहे. एक सेंटिमीटर वर जायला बारा सेंटिमीटर लांबी लागते. म्हणजे 45 सेंटिमीटरला 540, जवळपास अठरा फूट. शिवाय वर आणि खाली व्हीलचेअर वळवता यावी म्हणून दीड-दीड मीटर सपाट जागा. सगळं मिळून साडेआठ मीटरच्या आसपास. सरळ पुढे काढला असता तर रॅम्प फाटकापर्यंत गेला असता. म्हणून त्यांनी तो भिंतीला लागून बाजूला नेला आणि कोपऱ्यात सपाट जागा ठेवून काटकोनात वळवला. रुंदी 120 सेंटिमीटर. असं कागदावर आलं तेव्हा पार्किंगचा प्रश्न एका स्कूटरपुरता उरला. अग्निशामक गाडीची वाट अडत नाही ना आणि मोकळ्या सोडायच्या जागेत हे बसतं का, हे मात्र आर्किटेक्टकडूनच पाहून घ्यावं लागतं.

हिशेब न करता बांधलेला रॅम्प काय होतो, ते कोणत्याही दुकानापुढे दिसेल. सिमेंटचा एक घसरता उतार, स्कूटर चढवायला केलेला. त्यावर व्हीलचेअर मागे कलंडते आणि वॉकर पुढे धावतो. तपासायची सोपी रीत अशी: 120 सेंटिमीटरची सरळ फळी उतारावर ठेवायची, वर पाणसळ ठेवून खालच्या बाजूचं टोक उचलत फळी आडवी करायची. उचललेलं टोक जमिनीपासून 10 सेंटिमीटरपेक्षा वर गेलं, तर उतार जास्त आहे. पृष्ठभागालाही पॉलिश केलेली फरशी नको. पहिल्या पावसात ती साबणासारखी होते. झाडू फिरवून खरखरीत केलेलं काँक्रीट स्वस्तही पडतं. कडेला थोडा उंच काठ हवा, म्हणजे चाक बाहेर घसरत नाही.

पण माझ्या मते काकूंच्या अर्जातली खरी हुशारी रेलिंगच्या मागणीत होती. गुडघे दुखणाऱ्या माणसाला लांब उतार कधीकधी पायऱ्यांपेक्षा जड जातो, उतरताना तर जास्तच. त्याला लागतो घट्ट आधार. फिजिओथेरपिस्ट शिकवतात: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. हे करताना हातात काहीतरी धरलेलं हवं. आणि अर्धांगवायूतून उठलेल्याचा एकच हात चालतो. चढताना जी रेलिंग उजव्या हाताला असते, तीच उतरताना डाव्या हाताला येते. म्हणून रेलिंग दोन्ही बाजूंना लागते. एकाच बाजूला लावून समाधान मानणाऱ्या समित्यांना हे सांगावं लागतं.

रेलिंगची उंची साधारण 90 सेंटिमीटर, पाइप मुठीत मावेल असा, चार-साडेचार सेंटिमीटर जाडीचा. भिंतीपासून बोटं शिरतील इतकं अंतर. शोभेचा जाड चौकोनी पाइप पकडताच येत नाही. रेलिंग पहिल्या पायरीच्या 30 सेंटिमीटर आधी सुरू व्हावी आणि शेवटच्या पायरीनंतरही तेवढीच पुढे जावी, कारण माणूस पडतो तो बहुतेकदा पहिल्या किंवा शेवटच्या पावलालाच.

काकूंनी अर्जाला डॉक्टरांचं पत्र, आराखडा आणि फॅब्रिकेटरचं कोटेशन जोडलं, सेक्रेटरींकडून प्रतीवर तारखेसह पोच घेतली आणि दोन मागण्या वेगळ्या लिहिल्या. रेलिंगचा खर्च समितीच्या हातातल्या मर्यादेत होता, तो लगेच मंजूर झाला. रॅम्पचा खर्च सर्वसाधारण सभेपुढे जाणार होता, म्हणून तो विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याची विनंती त्यांनी स्वतंत्र परिच्छेदात केली होती.

रेलिंग आठवड्याभरात बसली. रॅम्पचा ठराव पुढच्या सभेत आहे. त्या सभेला हजर राहायला काकू आता स्वतः खाली उतरून येणार आहेत.