गोदामात ४०, द्यायला ५

कोल्हापुरात शेतीपंप बनवणारा एक कारखाना आहे असं धरू. ३ तारखेला नांदेडच्या डीलरचा फोन येतो, २५ पंप ८ तारखेला दुकानात हवेत. ऑर्डर घेणाऱ्याला कॉम्प्युटरवर गोदामात ४० पंप दिसतात. तो ‘पाठवतो’ म्हणून मोकळा होतो आणि उशिराची सुरुवात तिथेच होते.

ऑर्डर नोंदवताना सॉफ्टवेअर जी ‘अव्हेलेबल टू प्रॉमिस’, म्हणजे एटीपी तपासणी करतं, तिला गोदामात किती माल आहे एवढंच कळून पुरत नाही. त्यातला कोणालाच कबूल न केलेला किती, हे ती शोधते. आधी तारीख उलटी मोजली जाते. नांदेडला पोचायला दोन दिवस, पॅकिंग आणि गाडी भरायला एक. म्हणजे पंप ५ तारखेलाच हाताशी हवेत.

आता ४० पैकी ३० पंप ४ तारखेला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे निघायचे आहेत. उरले १०. १२ तारखेला ५० चा लॉट तयार होईल, पण १४ तारखेला ५५ पंप आधीच कबूल केलेले आहेत. तो लॉट त्यांना ५ ने कमी पडतो आणि ते ५ या १० मधूनच द्यावे लागणार. म्हणून नांदेडला ८ तारखेला फक्त ५ मिळतात. पुढचा ५० चा लॉट १९ ला आहे. त्यात तीन दिवस मिळवले की उरलेल्या २० पंपांची तारीख येते २२. मला या हिशोबातली ही पुढची नजर सगळ्यात मोलाची वाटते. १४ तारखेच्या गिऱ्हाइकाचे पंप आज कोणी उचलून देत नाही. नांदेडच्या डीलरलाही फोनवरच ठरवता येतं, ५ आधी घ्यायचे की सगळे एकदम २२ ला.

पण ही तारीख नोंदींइतकीच खरी असते. समजा १२ चा लॉट मोटारींअभावी अडकला आणि प्रॉडक्शन ऑर्डरवरची तारीख कोणी बदललीच नाही. सॉफ्टवेअर त्या ५० पंपांवर विसंबून शब्द देतच राहतं, कारण शॉपफ्लोअरवर मशीन आणि माणसं मोकळी आहेत का, हे साधी एटीपी पाहत नाही. रद्द झालेली पण न मिटवलेली ऑर्डर याच्या उलट करते, मोकळा माल अडवून धरते.

हा दोष ओळखता येतो. तारीख उलटून गेली तरी उघड्या राहिलेल्या प्रॉडक्शन ऑर्डरींची यादी रोज काढायची. त्यांना खरी तारीख टाकून प्रलंबित ऑर्डरींची तपासणी पुन्हा चालवली की कोणाची डिलिव्हरी किती पुढे सरकते ते दिसतं, आणि गाडी निघायच्या दिवसाची वाट न पाहता गिऱ्हाइकाला तसा फोन करता येतो.