बोअरची खोली म्हणजे हेड नव्हे

नवी मोटर घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "बोअर किती फूट?" आकडा सांगितला की दुकानदार तीन किंवा पाच एचपीचं खोकं पुढे करतो आणि सौदा पाच मिनिटांत पार पडतो. पण खोलीवरून फारसं काही ठरत नाही. मोटर किती खाली सोडता येईल, एवढंच ती सांगते. पंप निवडायला खरं तर दोन आकडे लागतात. भर उन्हाळ्यात बोअर मिनिटाला किती लिटर पाणी देते आणि तेवढं उपसताना पाण्याची पातळी कुठे येऊन थांबते. हे दोन्ही आकडे बोअरपाशी बसूनच मिळतात.

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर आहे. या खडकात पाणी सगळीकडे मुरलेलं नसतं. ते भेगांमध्ये आणि दोन थरांमधल्या सच्छिद्र, कुजलेल्या पट्ट्यांत असतं. बोअरला अशी एखादी भेग लागते आणि तिच्यातून जेवढं येईल तेवढंच पाणी आपलं. दिवाळीत ती भेग जोरात वाहते, एप्रिलमध्ये तिचीच धार बारीक होते. म्हणून बोअर घेतल्या दिवशी गाडीवाल्याने सांगितलेलं 'दोन इंची पाणी' हा आकडा कायमचा धरू नये.

हे इंची माप नेमकं काय असतं, तेही पाहू. काटकोनी व्ही आकाराच्या खाचेतून पाणी वाहू दिलं, तर खाचेत पाण्याची जी उंची दिसते तिचे हे इंच. एक इंचाला तासाला साधारण 500 लिटर पाणी होतं. दोन इंचाला मात्र हजार नव्हे, तर सुमारे 2,900 लिटर होतं, आणि तीन इंचाला 8,000च्या आसपास. अंदाजाने सांगितलेल्या अर्ध्या इंचाच्या फरकाने पंपाची सगळी निवड चुकू शकते. त्यापेक्षा 200 लिटरचा ड्रम आणि घड्याळ जास्त भरवशाचं.

एक उदाहरण मांडून पाहू. बोअर 195 फूट खोल, व्यास सहा इंच. मोटर बंद असताना पाणी 50 फुटांवर उभं आहे. एप्रिलमध्ये कुणाची तरी मोटर मागून आणून 160 फुटांवर सोडली आणि गेट व्हॉल्व्ह कमी-जास्त करत चार-पाच तास चालवली. टोकाला दोन उघड्या तारा असलेली दोरी बोअरमध्ये सोडून मल्टिमीटरने पातळी पाहत राहिलो, तर सुरुवातीला ती झपाट्याने उतरली आणि मग 130 फुटांवर स्थिर झाली. त्या वेळी ड्रम भरायला पाच मिनिटं लागत होती. म्हणजे या बोअरची उन्हाळ्यातली ताकद मिनिटाला 40 लिटर, आणि चालू मोटरची पातळी 130 फूट.

आता हेड काढू. 130 फूट म्हणजे 40 मीटर. टाकी बोअरच्या तोंडापासून 12 मीटर उंचावर आहे. बोअरमधला आणि बाहेरचा मिळून 230 मीटर पाइप आहे, आतला व्यास सव्वा इंच. एवढ्या पाण्याला त्यात घर्षणाचे साधारण साडेसहा मीटर जातात. बेरीज 58 ते 59 येते, ती आपण 60 मीटर धरू. लक्षात घ्या, मोटर 160 फुटांवर टांगली असली तरी हेड मोजायचं ते पाण्याच्या पातळीपासून. पंपाच्या वर उभं असलेलं पाणी त्याला उचलावं लागत नाही.

तेव्हा दुकानात मागायचं ते असं: "60 मीटर हेडला मिनिटाला 35 लिटर देणारा चार इंची पंप दाखवा." बोअर 40 देते, म्हणून आपण थोडं कमीच उपसायचं. कंपनीच्या तक्त्यात हे काम बहुधा दीड एचपीच्या पंपात बसतं. तक्ता पाहणं टाळू नका. पाटीवर ठळक छापलेलं कमाल हेड म्हणजे जिथे पाणी यायचंच थांबतं ती उंची. आपलं हेड तक्त्याच्या मधल्या भागात बसायला हवं. गरजेपेक्षा फार जास्त हेडचा पंप कमी उंचीवर चालवला तर तो मर्यादेबाहेर पाणी ओढतो आणि मोटरवर भार येऊ शकतो.

इथेच तीन एचपीचा पंप बसवला, तर काय होतं ते पाहा. तो मिनिटाला 80 लिटर उपसतो, झऱ्यातून येतात 40. सहा इंची बोअरमध्ये एका फुटात साधारण 5.6 लिटर पाणी मावतं. 50 ते 160 फुटांमधला साठा म्हणजे जेमतेम 600 लिटर. मिनिटाला 40 लिटरची तूट पडली की पंधरा मिनिटांत पंपाच्या तोंडाशी हवा येते. वीज रात्री दोनला येते, ऑटो स्विच मोटर चालू करतो आणि जवळ कुणी नसतं.

पाणी संपल्यावर पंप इतका लवकर का बिघडतो? सबमर्सिबलच्या पंपातल्या बुशना वंगण पाण्याचंच असतं आणि मोटर थंड होते तीही बाजूने वाहणाऱ्या पाण्यामुळेच. पाणी तुटलं की शाफ्ट आणि बुश कोरडे घासतात, प्लास्टिकचे इम्पेलर वितळू लागतात. अशा वेळी मोटरवरचा भार कमी होतो, म्हणून ॲम्पिअर वाढत नाहीत, उलट घटतात. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले जादा करंटवर पडतो. तो कोरड्या चालण्याला गप्प बसतो आणि पुढे बेअरिंग अडकून करंट चढला की मगच पडतो. तोवर नुकसान झालेलं असतं.

म्हणून खुणा आधीच ओळखा. धार गचके देत येते, पाणी हवेच्या बुडबुड्यांनी दुधट दिसतं, पाइप थरथरतो, ॲमीटरचा काटा नेहमीच्या आकड्याखाली येऊन हलत राहतो. हे दिसताच मोटर बंद करा. नवी मोटर नीट चालू असतानाचे ॲम्पिअर स्टार्टरच्या झाकणावर आतून लिहून ठेवले, तर काटा खाली आलाय की नाही हे घरातलं कुणीही सांगू शकेल.

मोटर बाहेर काढल्यावर मिस्त्रीला ती आपल्यासमोर खोलायला सांगा. कोरड्या चालण्याच्या खुणा उष्णतेच्या असतात: वाकलेले किंवा एकमेकांना चिकटलेले इम्पेलर, निळसर-काळा पडलेला शाफ्ट, कडक होऊन तडकलेले रबरी बुश, तुटलेला थ्रस्ट कार्बन. वाळूने झिजलेल्या पंपात असा भाजल्याचा रंग नसतो. तिथे इम्पेलरच्या कडा पातळ होतात आणि चरे पडतात. तीन फेजच्या मोटरमध्ये वाइंडिंगचा काही भाग काळा पडून बाकीचा शाबूत राहिला असेल, तर संशय एक फेज गेल्यावर धरावा. तिन्ही रोगांचे उपाय वेगळे आहेत, तेव्हा नुसतं 'मोटर जळाली' एवढ्यावर समाधान मानू नका.

कोरड्या चालण्यापासून वाचवायला करंट घटला की मोटर बंद करणारा ड्राय रन रिले किंवा बोअरमध्ये सेन्सर सोडून चालणारा लेव्हल गार्ड बसवता येतो. मात्र त्याचा पुन्हा चालू होण्याचा वेळ बोअर भरायला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी ठेवू नका. मोठा पंप आधीच बसवलेला असेल, तर गेट व्हॉल्व्ह आवळून त्याची धार बोअरच्या पाण्याइतकी करा. यात वीज वाया जाते, पण मोटर वाचते. आणि खुणा उष्णतेच्या निघाल्या, तर तेवढ्याच एचपीची दुसरी मोटर आणून त्याच बोअरमध्ये सोडू नका. आधी ड्रम आणि घड्याळ घेऊन एप्रिलचं पाणी मोजा.