दवाखान्याची ठरलेली वेळ बदलून मागताना

दवाखान्यात आधी मुक्रर करून घेतलेली वेळ आणि कचेरीत अकस्मात उद्भवलेले काम यांचा एकाच दिवशी सामना झाला, म्हणजे बहुतेक माणसे दोहोंपैकी एक मार्ग पत्करतात: काहीच न कळवता गैरहजर राहतात, किंवा घाईघाईने असा काही निरोप पाठवतात की तो वाचून दवाखान्यातल्या माणसाला रुग्ण येणार आहे की नाही याचा उलगडा होऊ नये. पहिल्या मार्गात सौजन्याचा अभाव आहे हे सांगावे लागत नाही. दुसऱ्यात सौजन्य पुष्कळ असते, परंतु ते उपयोगी पडत नाही, आणि त्याचाच विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी मी रूट कॅनालच्या दुसऱ्या सिटिंगचे उदाहरण घेतो, कारण दातांच्या दवाखान्यात वेळ चुकल्याने काय काय बिघडते हे त्यात स्पष्ट दिसते.

लहान शहरांतील दातांच्या अनेक दवाखान्यांत रूट कॅनालचे काम तेथले डॉक्टर स्वतः करतातच असे नाही. अवघड दाढेसाठी त्या विषयाचे तज्ज्ञ मोठ्या शहरातून ठराविक वारी येतात, आपली हत्यारे बरोबर आणतात, आणि त्या दिवशी दवाखाना दोन-तीन रुग्ण त्यांच्यासाठी एकापाठोपाठ बांधून ठेवतो. समजा, हे तज्ज्ञ पुण्याहून महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या गुरुवारी येतात. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागातील एका कनिष्ठ अभियंत्याच्या दाढेचे पहिले सिटिंग गुरुवारी ९ जुलै रोजी झाले आणि दुसरे २३ जुलै रोजी सायंकाळी साडेपाच वाजता ठरले. २३ तारखेच्या सकाळी साडेनऊ वाजता शहराची मुख्य जलवाहिनी फुटली, आणि दहाच्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले की रात्रीपर्यंत त्या जागेवरून हलणे शक्य नाही.

अशा प्रसंगी हातून सहज लिहिला जाणारा निरोप साधारण असा असतो: ‘नमस्कार मॅडम, सॉरी, आज सकाळपासून फार गडबड चालू आहे, मेन लाइन फुटली आहे, साहेब स्वतः इथे येऊन उभे आहेत, त्यामुळे संध्याकाळी बहुतेक जमणार नाही असं वाटतंय, तरी प्रयत्न करतो, नाहीच जमलं तर उद्या आलो तर चालेल का?’ या निरोपात नम्रतेची उणीव कोठेही नाही. परंतु तो ज्यांच्या हाती पडतो त्या स्वागतकक्षातील बाईंच्या जागी क्षणभर बसून पाहावे. त्यांच्यासमोर दिवसाची नोंदवही उघडी आहे, फोन वाजतो आहे, समोर दोन रुग्ण उभे आहेत. निरोप कोणाचा, किती वाजताच्या रुग्णाचा, कोणत्या डॉक्टरांकडचा, यांपैकी काहीच त्यात नाही. आणि ‘बहुतेक’ व ‘प्रयत्न करतो’ या शब्दांमुळे ती साडेपाचची जागा त्यांना दुसऱ्या कोणास देताही येत नाही आणि राखून ठेवणेही व्यर्थ ठरण्याची भीती आहे. ‘उद्या’ तर त्या तज्ज्ञांच्या बाबतीत अस्तित्वातच नाही, कारण त्यांची पुढची खेप १३ ऑगस्टला आहे.

माझे मत असे की संदिग्धता हाच अशा निरोपाचा सर्वांत मोठा दोष होय. येणे होणार नाही याची खात्री झाली असेल तर ते निश्चित शब्दांत सांगावे. खात्री झाली नसेल तर आपण आपल्यापुरती एक वेळ ठरवावी, म्हणजे दुपारी बारापर्यंत निकाल न लागल्यास वेळ सोडून द्यावी, आणि तसे कळवून टाकावे. संकोचामुळे आपण नकार अर्धवट ठेवतो आणि त्यालाच विनय समजतो. प्रत्यक्षात त्या अर्धवटपणाचा भार दुसऱ्याच्या अंगावर पडतो. सकाळी सव्वादहाला निश्चित नकार पोहोचला तर साडेपाचची जागा भरून काढण्यास दवाखान्याला सात तास मिळतात. प्रतीक्षेत असलेल्या एखाद्या रुग्णाला फोन करून बोलावता येते, आणि पुण्याहून आलेल्या तज्ज्ञांचा तासभर फुकट जात नाही.

तोच निरोप या दृष्टीने पुन्हा लिहिला तर असा होईल:

‘नमस्कार. मी अमुक अमुक, फाइल क्रमांक अमुक. आज गुरुवार, २३ जुलै रोजी सायंकाळी ५.३० वाजता माझ्या खालच्या उजव्या दाढेच्या रूट कॅनालचे दुसरे सिटिंग ठरले आहे. शहराची मुख्य जलवाहिनी फुटल्याने मला रात्रीपर्यंत कामाच्या जागी थांबावे लागणार आहे, म्हणून आज मी येऊ शकणार नाही. आयत्या वेळी कळवावे लागत आहे याबद्दल दिलगीर आहे. माझी वेळ कृपया दुसऱ्या रुग्णास द्यावी. पहिले सिटिंग ९ जुलैला झाले असून दाढेतले तात्पुरते सिमेंट शाबूत आहे, दुखणे किंवा सूज नाही. पुढचे सिटिंग किती दिवसांच्या आत व्हावे हे कृपया डॉक्टरांना विचारून कळवावे. मला सोमवार २७ ते गुरुवार ३० जुलै रोज सायंकाळी ५ नंतर, किंवा शनिवार १ ऑगस्टला सकाळी केव्हाही येता येईल. आपला निरोप आल्यावरच नवी वेळ पक्की समजेन.’

हा मजकूर पहिल्यापेक्षा लांब आहे, तरी वाचणाऱ्याचे काम हलके करणारा आहे, कारण नोंदवहीत ज्या क्रमाने बोट फिरते त्याच क्रमाने माहिती आली आहे. कारण एका वाक्यात आटोपले आहे. जलवाहिनी कोठे फुटली, साहेब काय म्हणाले, हे दवाखान्याला जाणून घेण्याचे प्रयोजन नाही, आणि कारण जितके लांबते तितके ते सबबीसारखे वाटू लागते. दिलगिरीही एकदाच व्यक्त झाली आहे. नव्या वेळा सुचवताना या गृहस्थांनी दुसऱ्याच दिवशीची वेळ मागितली नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे: जलवाहिनीच्या दुरुस्तीनंतरही एक-दोन दिवस त्या कामाची निस्तरणी चालणार हे त्यांना ठाऊक होते, आणि एकदा बदलून घेतलेली वेळ दुसऱ्यांदा मोडण्यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

परंतु या निरोपातले सर्वांत मोलाचे वाक्य मला वाटते ते डॉक्टरांना विचारण्याविषयीचे. ते का, हे समजण्यासाठी दाढेच्या आत काय चालले आहे याची थोडी कल्पना हवी. पहिल्या सिटिंगमध्ये दाढेतला सडलेला मगज काढून आतल्या नलिका साफ करतात, त्यांत बहुधा कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे औषध भरतात आणि वरून तात्पुरते सिमेंट लावून दार बंद करतात. हे सिमेंट मुळातच अल्प मुदतीसाठी असते. दोन-तीन आठवड्यांपलीकडे त्यावर विसंबणे ठीक नाही, कारण चावण्याच्या दाबाने ते झिजते, कडेने लाळ झिरपते, आणि साफ केलेल्या नलिकांत जंतूंचा पुन्हा शिरकाव होतो. शिवाय पोखरलेल्या दाढेवर अद्याप कॅप बसलेली नसल्याने सुपारी किंवा कडक चकली यांसारखा पदार्थ त्या बाजूने चावल्यास दाढ उभी चिरण्याचा धोका असतो. आणि चीर मुळापर्यंत गेली तर ती दाढ काढण्यावाचून बहुधा गत्यंतर उरत नाही. ९ जुलैला लावलेले सिमेंट १३ ऑगस्टपर्यंत, म्हणजे पाच आठवडे, तसेच ठेवणे म्हणूनच योग्य नव्हे. स्वागतकक्षातील बाईंच्या वहीत मात्र ‘पुढचा मोकळा गुरुवार, १३ ऑगस्ट’ एवढेच दिसते, आणि रुग्णाने प्रश्न न विचारल्यास तीच तारीख सद्भावाने दिली जाण्याचा संभव असतो.

प्रश्न विचारला गेला तर उत्तर वेगळे येते. आपल्या उदाहरणात दवाखान्याचे डॉक्टर कळवतील की सोमवारी २७ तारखेला यावे. नलिका धुऊन, औषध बदलून, नवे सिमेंट आम्हीच लावून देऊ, आणि उरलेले काम तज्ज्ञांकडून १३ ऑगस्टला करून घेऊ. म्हणजे एका चुकलेल्या वेळेऐवजी दोन वेळा मिळाल्या, परंतु दाढ सुरक्षित राहिली. तोपर्यंत त्या बाजूने चावू नये, सिमेंट निघाले किंवा तोंडात खारट, कुजकट चव येऊ लागली तर तारखेची वाट न पाहता कळवावे, एवढे पथ्य उरते.

निरोप पाठवावा कोणाकडे, याबाबतही सावधगिरी हवी. पुष्कळांपाशी डॉक्टरांचा खासगी क्रमांक असतो आणि ओळखीच्या भरवशावर ते तेथेच लिहितात. पण डॉक्टरांचे हातमोजे घातलेले हात त्या वेळी कोणाच्या तरी तोंडात गुंतलेले असतात, आणि तो निरोप रात्री वाचला जातो. दवाखान्याच्याच क्रमांकावर लिहावे. तो क्रमांक अनेकजण हाताळतात, म्हणून दातांखेरीज अन्य खाजगी स्वरूपाच्या आजारात व्याधीचे नाव न लिहिता ‘पुढील तपासणी’ एवढेच म्हणावे. आगाऊ रक्कम भरली असेल तर ती नव्या तारखेस वळती होईल काय, हे संकोच न करता त्याच वेळी विचारावे.

ठरलेल्या वेळेस दोन-तीन तासच उरले असतील तर मात्र लेखी निरोपावर थांबू नये, फोनच करावा. ‘ताई, मी अमुक बोलतोय. आज साडेपाचची माझी वेळ आहे, रूट कॅनालची. कामामुळे मला येता येत नाहीये, ती वेळ कृपया दुसऱ्या कुणाला द्या. नव्या तारखेचं मी आत्ताच लिहून पाठवतो, सवडीनं डॉक्टरांना विचारून सांगाल का?’ एवढे बोलणे अर्ध्या मिनिटाचे आहे. तारखांची देवाणघेवाण त्यात घुसडू नये, कारण समोर रुग्ण उभा असताना फोनवर ठरलेल्या तारखा चुकीच्या नोंदल्या जातात.

हे सारे दुखणे शांत असताना. गालावर किंवा जबड्याखाली सूज चढत असेल, ताप भरला असेल, तोंड पुरते उघडत नसेल, किंवा गिळताना त्रास होत असेल, तर संसर्ग दाढेच्या बाहेर पसरू लागल्याची ती लक्षणे आहेत आणि गिळणे किंवा श्वास घेणे कठीण होऊ लागले तर रुग्णालयच गाठले पाहिजे. अशा दिवशी तारीख बदलण्याचा निरोप लिहूच नये. दवाखान्याला फोन करून आहे ती स्थिती सांगावी, आणि विनंतीचा अर्ज करायचाच असेल तर तो वरिष्ठांकडे करून कामावरून सुटी मागावी.